भांडण रविवारच्या सुट्टीचं, अडचण सकाळी सहाची

प्रश्न: नमस्कार ताई, नाशिकला आमचं दूध-डेअरी आणि बेकरी आयटमचं दुकान आहे. सकाळी ६:३० ते दुपारी १:३० आणि ४:३० ते ९:३०, सातही दिवस चालू. कामाला चार जण. एक काका गावाहून एसटीने येतात, साडेनऊला पोचतात नि सातला निघावंच लागतं, सुट्टी त्यांना गावच्या बाजारामुळे गुरुवारीच हवी. एक ताई मुलाला स्कूल बसमध्ये बसवून साडेआठला येते, दीडपर्यंतच असते. एक कॉलेजचा मुलगा, त्याचं कॉलेज सकाळचं, त्यामुळे संध्याकाळीच. आणि एक दादा, जवळच राहतो, फुलटाइम, सकाळी तोच दुकान उघडतो. रविवारी गर्दी असते म्हणून दादाला मी सोमवारी सुट्टी देते, पण त्याला, ताईला आणि मुलाला, तिघांनाही रविवारच हवा. दर शनिवारी यावरून तोंडं वाकडी होतात. मंगळवार सोडला तर रोज संध्याकाळी गर्दी. मिस्टर नऊला ऑफिसला जातात, सातला येतात, मग तेही काउंटरला. मी तर दिवसभर दुकानातच. सगळ्यांना पटेल असं शिफ्टचं वेळापत्रक कसं बसवू? कोणाची सुट्टी कोणत्या दिवशी ठेवू?

उत्तर:

रविवार कोणाला द्यायचा हे जरा वेळ बाजूला ठेवूया, कारण सुट्ट्यांपासून सुरुवात केली की वेळापत्रक कधीच बसत नाही, आपण माणसांचे वार लावत बसतो आणि काउंटरला कधी किती हात लागतात हे बघायचंच राहून जातं. आधी माणसांची नावं न लिहिता नुसत्या वेळा लिहा. दोन आठवडे एक वही काउंटरवर ठेवा नि दर तासाला किती बिलं झाली ते मांडा, बिलिंग मशीन असेल तर ते तासावार काढून देतं, नसेल तर यूपीआयच्या मेसेजवरची वेळ बघितली तरी अंदाज येतो (रोखवाले त्यात धरून घ्यायचे). तुमच्यासारख्या डेअरीचं चित्र साधारण असं निघतं, आणि तुमच्या वहीत वेगळं निघालं तर तुमचंच खरं धरा:

सकाळी ६:३० ते ९:३० तीन माणसं लागतात, एक पिशव्या नि सुटं दूध, एक ब्रेड-पाव-अंडी, एक पैसे. ९:३० ते १:३० दोन पुरतात. संध्याकाळी ४:३० ते ९:३० दोन जण पूर्ण वेळ आणि ६ ते ९ तिसरा. शिवाय शटर वर जायच्या आधी अर्धा तास क्रेट मोजून घ्यायला आणि बंद झाल्यावर अर्धा तास हिशोब जुळवायला एकेक माणूस लागतो, हा तास दुकानदार लोक धरतच नाहीत, कारण तो बहुतेक वेळा ते स्वतःच करतात.

आता गुणाकार. सकाळचे ३ तास गुणिले ३ माणसं म्हणजे ९. नंतरचे ४ तास गुणिले २ म्हणजे ८. संध्याकाळचे १० आणि तिसऱ्याचे ३, म्हणजे १३. उघडायचा-बंद करायचा मिळून १. दिवसाला ३१ तास झाले, सात दिवसांचे २१७. रविवारी सकाळची गर्दी साडेनऊला न संपता साडेअकरापर्यंत जाते, तिथे तिसऱ्या माणसाचे आणखी २. म्हणजे आठवड्याला २१९ तास तुमच्या काउंटरला माणूस हवाय.

आणि आहेत किती? काका दिवसाला साडेसहा तास, सहा दिवसांचे ३९. ताई पाच तास, ३०. मुलगा पाच तास, ३०. दादा सहा ते दीड धरला तर साडेसात, ४५. बेरीज १४४. उरलेले ७५ तास कोण भरतंय? तुम्ही आणि थोडेफार मिस्टर. तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहून टाकलंय "मी दिवसभर दुकानातच", पण ताई, ते वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं होतं. ही तूट असताना कोणाची सुट्टी कुठल्याही वारावर हलवली तरी कोणीतरी चिडणारच, म्हणून दर शनिवारी तेच होतंय.

आणि नुसती बेरीज बघूनही चालणार नाही, कारण जे १४४ तास आहेत ते सुद्धा चुकीच्या जागी साठलेत. साडेनऊ ते दीड या वेळात तुमच्याकडे काका, ताई आणि दादा असे तिघं असतात आणि काम दोघांचंच आहे. त्याच दुकानात सकाळी साडेसहाला बघा: मुलगा कॉलेजला, ताई साडेआठच्या आधी येऊ शकत नाही, काका एसटीत. उरले दादा आणि तुम्ही, म्हणजे लागतात तीन नि आहेत दोन. आणि ज्या सोमवारी दादा सुट्टीवर असतो त्या दिवशी दूध उतरवायला, काउंटर सांभाळायला नि पैसे घ्यायला तुम्ही एकट्या, फार तर मिस्टर ऑफिसचे कपडे घालायच्या आधी मदतीला.

म्हणून वेळापत्रक भरताना नेहमी जी वेळ भरायला कमीत कमी माणसं मिळतात ती आधी भरायची, आणि ज्या वेळेला कोणीही चालतं ती सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, सोपं आधी भरतो, दुपारच्या चौकटीत पटापट तीन नावं पडतात नि सकाळची चौकट रिकामी राहते, मग मालक स्वतःचं नाव टाकतो.

आता या नजरेने रविवार बघा. आठवड्यात एकच सकाळ अशी आहे की मुलाला कॉलेज नाही आणि मिस्टरना ऑफिस नाही. म्हणजे दादा नसला तरी सकाळ निभेल असा एकमेव वार रविवार आहे, आणि तुम्ही नेमका तोच त्याला नाकारून सोमवार देताय जेव्हा त्याच्या जागी उभं राहायला कोणीच नाही. रविवारी गर्दी जास्त हे खरंच आहे, पण सुट्टी कधी द्यायची हे गर्दी किती यापेक्षा बदली माणूस आहे का यावर ठरवा. दादाला रविवार देऊन टाका. ताईलाही. दोघांचाही वार कायमचा, दर आठवड्याला बदलणारा नको, कारण कायम वार असला की माणूस घरची कामं, पाहुणे, दवाखाना त्या दिवशी लावतो नि अचानक दांड्या कमी होतात.

पण सकाळचा तिसरा हात तरीही कमीच पडतोय, तो वेळापत्रकाने भरून निघणार नाही, त्याला माणूसच लागेल. पूर्ण पगाराचा नको. सकाळी ६ ते ९:३०, साडेतीन तास, आठवड्यातले सहा दिवस, एवढाच. असा माणूस कुठे मिळतो? तुमच्या भागात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका असतील, तिथली मुलं-मुली दहाला पुस्तकं उघडतात, सकाळ मोकळी असते आणि महिन्याला हातात थोडे पैसे हवेच असतात. अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावा. वय आधार कार्डावर बघून घ्या, चौदाच्या आतलं पोर कामाला ठेवणं गुन्हा आहेच, मी तर म्हणेन अठरा पूर्ण झालेलाच घ्या.

हा नवीन माणूस (त्याला आपण सकाळवाला म्हणू) धरून आठवडा कसा बसतो ते सांगते.

सोमवार ते शनिवार सकाळी सहाला दादा आणि सकाळवाला दुकान उघडतील, साडेसहाला तुम्ही याल, साडेआठला ताई आली की तुम्ही घरी. साडेनऊला सकाळवाला सुटेल, तिथून दीडपर्यंत दादा आणि ताई काउंटरला. काका साडेनऊला येतील ते काउंटरसाठी नाही. त्यांना या चार तासात मागचं काम द्या: कालच्या ब्रेडच्या तारखा बघणं, रिकामे क्रेट मोजून परत करणं, पनीर-खव्याची पाकिटं वजन करून ठेवणं, उद्याची ऑर्डर, बँकेत भरणा. यातलं बरंचसं आत्ता तुम्ही रात्री दहानंतर करत असणार. काकांचे हे तास कमी करून पगार वाचवायचा मोह होईल, तो करू नका, दादा किंवा ताई आली नाही तर साडेनऊनंतर जागेवर उभं राहायला तोच तुमचा राखीव माणूस आहे.

संध्याकाळी साडेचारला काका आणि मुलगा. सहाला तुम्ही. सातला काका निघाले की मिस्टर त्यांच्या जागी, नऊपर्यंत. शेवटचा अर्धा तास मुलगा आणि तुम्ही, मग शटर, हिशोब, दहाला घरी.

दोन-तीन वार थोडे वाकडे आहेत. बुधवारी सकाळवाल्याची सुट्टी ठेवा, त्या दिवशी मिस्टर साडेसहा ते साडेआठ उभे राहतील आणि तुम्ही एक तास जास्त थांबाल. गुरुवारी काका नाहीत, तर तुम्ही साडेचारलाच या, सहा ते सात एक हात कमी पडेल, तेवढा एक तास चालवून घ्या. मंगळवारी मुलाला पूर्ण सुट्टी, कारण तुम्हीच म्हणताय गर्दी नसते, त्या दिवशी काका आणि तुम्ही, सातनंतर तुम्ही आणि मिस्टर, दोघांवर संध्याकाळ काढायची. इथे तुमच्या मनात येईल की दादाला बोलावूया ना मंगळवारी संध्याकाळी, जवळच तर राहतो. नको. रात्री नऊला सुटून पुन्हा सकाळी सहाला उघडणारा माणूस महिनाभर बरा चालतो आणि मग एका सकाळी फोन उचलत नाही, आणि चावी त्याच्याकडे असते.

रविवारी सकाळी सहाला सकाळवाला उघडेल, मुलगा आणि तुम्ही साडेसहापासून, सकाळवाला सुटला की साडेनऊपासून काका. साडेअकराला मुलगा मोकळा, दीडपर्यंत काका आणि तुम्ही. मिस्टरना रविवारी सकाळी झोपू द्या, ते बुधवारी उठतायत. आणि रविवारी संध्याकाळी दुकान बंद ठेवायचं. दचकू नका, आधी वहीत रविवार संध्याकाळची बिलं मोजा, खूप धंदा होत असेल तर माझं ऐकू नका. पण बऱ्याच भागात रविवारी लोक दूध सकाळीच दोन वेळचं नेतात, फक्त पाटी महिनाभर आधी लावायची आणि संध्याकाळच्या दुधाची ऑर्डर शनिवारीच कमी सांगायची. त्या एका बंदमुळे मुलाला रविवारची संध्याकाळ मिळते, काकांना लवकरची एसटी, आणि तुम्हाला आठवड्यातून अर्धा दिवस, जो आत्ता शून्य आहे. बंद ठेवणं शक्यच नसेल तर मुलालाच रविवारी संध्याकाळी पण थांबवू नका, सकाळवाल्यासारखाच अजून एक जण फक्त रविवार संध्याकाळसाठी बघा.

असं धरून तुमचे स्वतःचे तास मोजले तर साधारण ४७ होतात, आणि तेही दोन तुकड्यांत, मधे दुपार मोकळी. हा तुकड्यांचा प्रकार तुमच्यासाठी ठीक, घर वर किंवा शेजारी असेल तर. कामगारांसाठी जपून. दुपारी बंद असणाऱ्या दुकानांत सकाळी साडेसहाला आलेल्या माणसाला रात्री साडेनऊपर्यंत ठेवलं जातं, मालक म्हणतो "मधे तीन तास मोकळाच असतो की", पण त्या माणसाचे पंधरा तास दुकानाला बांधलेले असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि मधली सुट्टी धरून एकूण पसारा साडेदहा तास असं मूळ माप दिलं होतं. हे नियम त्यात दहा किंवा जास्त कामगार असलेल्यांसाठी होते, नंतर बदलही होत राहिले, तुमच्या पाच माणसांच्या दुकानाला ते त्या अर्थाने लागू नाहीत, पण माप म्हणून चांगलं आहे. आपल्या वेळापत्रकात पसाऱ्याच्या मापाच्या सगळ्यात जवळ जाणारा कामगार एकच, काका. साडेनऊ ते सात म्हणजे पसारा साडेनऊ तास, म्हणजे तेही त्यात बसतात, फक्त दुपारी तीन तास त्यांना गावी जाता येत नाही, तर आत पंखा, आडवं व्हायला चटई आणि दुपारचा चहा एवढं नक्की ठेवा.

अदलाबदलीचं आता. ग्रुपवर "उद्या जमणार नाही" एवढा मेसेज टाकून मोकळं होणं बंद करा. नियम एकच: ज्याला सुट्टी हवी त्याने आदल्या दिवशी संध्याकाळी आठच्या आत बदली माणूस ठरवून ग्रुपवर टाकायचं, आणि तुम्ही "ओके" लिहिल्याशिवाय ते पक्कं नाही. तुमचं ओके का लागतं, तर कोण कोणाच्या जागी चालतं हे सगळ्यांना कळत नाही. ताईच्या जागी काका चालतात पण साडेनऊनंतर, पहिला तास तुम्हाला थांबावं लागेल. दादाच्या जागी सकाळवाला उघडू शकतो, मग तुम्ही साडेनऊपर्यंत आणि पुढे काका-ताई. पण मुलाच्या जागी ताई म्हणाली "मी येते" तरी ती संध्याकाळी सातला घरून तिच्या लेकाचा फोन आला की निघणार, ते ओके करायचं नाही. आजारपणाला हा नियम लावू नका, ताप आलेल्या माणसाला बदली शोधायला लावणं बरं दिसत नाही, ती बदली तुम्ही बघा.

यासाठी एक गोष्ट आत्ताच करा, दुकान उघडू शकणारी तीन आणि बंद करू शकणारी तीन माणसं तयार ठेवा. उघडणं म्हणजे नुसतं शटर नाही, टेम्पोवाल्याच्या चलनावरचे क्रेट मोजून सही करणं, फुटक्या पिशव्या तिथल्या तिथे परत देणं, फ्रिजचं तापमान बघणं. बंद करणं म्हणजे रोख आणि यूपीआयची बेरीज बिलांशी जुळवणं. सकाळवाल्याला पहिले पंधरा दिवस दादाच्या शेजारी उभं करून हे शिकवा, चावी त्यानंतर.

तुम्हाला सगळ्यात नाजूक माणूस कोण वाटतो? मला विचाराल तर तो मुलगा. संध्याकाळी शेवटपर्यंत थांबणारा पगारी माणूस तो एकटाच आहे, आणि परीक्षा आल्या की तो जाणार, साधारण दिवाळीच्या आसपास एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा. टाइमटेबल लागलं की त्याच दिवशी फोटो पाठव असं त्याला सांगून ठेवा, आणि त्या दोन-तीन आठवड्यांसाठी त्याच अभ्यासिकेतला कोणी किंवा त्याचाच एखादा दुसऱ्या शाखेचा मित्र आधीच बोलून ठेवा. मुलं मित्राला बदली आणतात तेव्हा सहसा जबाबदारीने आणतात, हा माझा अनुभव.

सणांचं वेगळं पान करा. डेअरीवाल्याला कोजागरीची संध्याकाळ, दसरा आणि पाडव्याची श्रीखंडाची सकाळ, दिवाळीचे आधीचे चार दिवस, यात कोणालाच सुट्टी नाही हे वर्षाच्या सुरुवातीला सांगून टाका आणि त्याच बैठकीत प्रत्येकाला विचारा की तुझे न चुकणारे दिवस कोणते. काकांचा पोळा असेल, ताईकडे गौरी असतील, मुलाला गणपतीत मंडळ असेल. हे दिवस त्यांना आधीच लिहून द्या, मग कोजागरीला थांब म्हटलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही. कोजागरीला दूध संध्याकाळीच जातं, त्या दिवशी दादाची शिफ्ट संध्याकाळची करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशिरा बोलवा, उघडायला सकाळवाला आणि तुम्ही.

वेळापत्रक गुरुवारी रात्री लावा, पुढच्या सोमवारपासूनचं, शनिवारी नको. कागदावर मोठ्या अक्षरात फ्रिजच्या बाजूला, आणि त्याचाच फोटो ग्रुपवर. पहिला महिना खाली एक ओळ रिकामी ठेवा, त्यात कोणत्या वेळेला तुम्हाला ठरलेलं नसताना काउंटरला उभं राहावं लागलं ते लिहीत जा. एकाच चौकटीत तुमचं नाव दर आठवड्याला येत असेल तर तिथे माणूस कमी आहे, कोणाला ओरडून उपयोग नाही. निरनिराळ्या चौकटींत येत असेल तर दांड्या आहेत, आणि मग ज्याच्या आहेत त्याच्याशी एकट्याशी, दुकान बंद झाल्यावर बोला.